झोनचा चार्ज सोडताना नव्या साहेबांसाठी काय लिहून ठेवावं?

बदलीवाला

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका झोनचा विभागीय अधिकारी आहे, बदलीचा आदेश हातात पडलाय. झोनचा नंबर विचारू नका. जुन्या पेठा, थोडा पूर्व भाग, थोडी नवी वस्ती, असं मिश्र क्षेत्र आहे एवढं पुरे.

चार्ज रिपोर्टचा नमुना सगळ्यांना माहीत आहे. अमुक तारखेला मध्यान्होत्तर पदभार सोडला, अमुक यांनी घेतला, खाली दोघांच्या सह्या. सोबत शिक्के, चाव्या, जडसंग्रह नोंदवही आणि प्रलंबित प्रकरणांची यादी. यादीत शेवटचा रकाना 'सद्यःस्थिती'. तिथं लिपिकानं प्रत्येक ओळीत 'कार्यवाही सुरू' असंच टाकलंय. मीसुद्धा आलो तेव्हा मला अशीच यादी मिळाली होती.

उदाहरण देतो. यादीत एक ओळ आहे : धोकादायक वाडा, कलम 264 ची नोटीस, कार्यवाही सुरू. आता त्यामागचं ऐका. माळवदाचा वाडा, मालक एक, भाडेकरू सात. मालकाच्या इंजिनिअरचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट म्हणतो सी-वन, म्हणजे रिकामा करा आणि पाडा. भाडेकरूंनी दुसरा रिपोर्ट आणलाय, तो म्हणतो दुरुस्ती होऊ शकते. एक भाडेकरू दिवाणी कोर्टात गेलाय आणि त्याला जैसे थे आदेश मिळालाय. पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप करून यादी करावी लागते, ती आम्ही सुरू केली. पाच भाडेकरूंच्या जागेचं मोजमाप झालं. दोन खोल्यांना कुलूप. एक कुटुंब भिवंडीला लूमवर गेलंय, दुसऱ्या खोलीतले आजोबा वारले आणि वारसांचं जमेना म्हणून खोली बंद.

हे सगळं 'कार्यवाही सुरू' या दोन शब्दांत कसं बसायचं? म्हणून चार्ज यादीशिवाय वेगळं टिपण लिहितोय. त्यात काय असावं, काय नसावं, आणि ते रीतसर आवक-जावक करून द्यावं की नुसतं हातात, हे विचारतोय.

दप्तरकर

साहेब, मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, चार्ज देणारे-घेणारे पुष्कळ पाहिले. पहिलं सांगतो, प्रत्येक फाईलसमोर स्थिती लिहू नका, पुढची तारीख लिहा. स्थिती वाचून माणूस मान डोलावतो, तारीख वाचून उठतो. 'कोर्टात प्रलंबित' असं लिहिलं तर फाईल कपाटात जाते. 'अमुक तारखेला म्हणणं दाखल करायचंय, मसुदा विधी विभागाकडे गेलाय, तिथून परत आलेला नाही' असं लिहिलं तर नवा माणूस त्याच दिवशी इंद्रभुवनला, मुख्यालयात फोन लावतो.

दुसरं, फाईल 'कुठे' आहे ते नाही, 'कुणाच्या टेबलावर' आहे ते. वाड्याची एक फाईल नसतेच. नोटिशीची तुमच्याकडे, ऑडिट रिपोर्टची बांधकाम विभागात, कोर्टाची विधी विभागात. तिन्हींचे जावक क्रमांक एका कागदावर कधीच नसतात. तो कागद तुम्ही करा, बाकी नाही केलंत तरी चालेल.

आणि कॅव्हेट घातली होती का?

बदलीवाला

दप्तरकर काका, नोटीस काढतानाच घातली होती. पण तो भाडेकरू कोर्टात गेला तो चार-साडेचार महिन्यांनी.

कायदेप्रेमी

जैसे थे आदेश आहे ना, मग विषय संपला. वाड्याला कुणी हात लावायचा नाही. शिवाय नोटीस तुमच्या सहीची आहे. तुम्ही गेलात की ती गेली, नव्या साहेबांना पहिल्यापासून नवी नोटीस काढावी लागणार. आणि कॅव्हेट एकदा घातली की पालिकेला ऐकल्याशिवाय आदेश होतच नाही, त्यामुळे तो आदेशच चुकीचा आहे.

दप्तरकर

कायदेप्रेमी, तुमचं थोडं बरोबर, थोडं नाही.

कॅव्हेट 90 दिवस टिकते. नंतर पुन्हा घालावी लागते. नोटीस काढली, कॅव्हेट घातली, आणि मग पोलीस बंदोबस्त मिळेना, पंचनाम्याला पंच मिळेनात, सणवार आले, यात तीन महिने सहज जातात. समोरचा वकील नेमका 91 व्या दिवसाची वाट बघतो. साहेबांच्या वाड्यात तेच झालेलं दिसतंय. म्हणून टिपणात 'कॅव्हेट घातली आहे' असं लिहू नये, ती कधी संपते ते लिहावं. संपली असेल तर तेही.

नोटीस माणसाची नसते, पदाची असते. अधिकारी बदलला म्हणून ती मरत नाही. पण इथं एक मेख आहे. आयुक्तांचे अधिकार खाली दिलेत तो आदेश काढून बघा. पदनामाने असेल तर प्रश्न नाही. नावाने असेल तर नव्या साहेबांच्या नावाचा आदेश येईपर्यंत त्यांनी अशा नोटिशीवर सही करू नये. ते रुजू झाले त्या दिवशीच मालक पेढे घेऊन येणार आणि 'साहेब, पुढची नोटीस तेवढी काढा' म्हणणार. सही झाली की समोरच्या वकिलाला आयतं कोलीत.

बदलीवाला

अधिकार प्रदान आदेश काढून बघितला. एक पदनामाने आहे, पण धोकादायक इमारतींबाबतचा नंतरचा एक सुधारित आदेश नावाने आहे. हे आधी डोक्यात नव्हतं. टिपणात पहिल्या ओळीत घेतो.

जैसे थे बद्दल सांगतो. आदेश पूर्ण वाचला. तो सगळ्या वाड्याला नाही, त्या भाडेकरूच्या ताब्यातल्या दोन खणांपुरता आहे. पण ते दोन खण मधले आहेत आणि भिंती सामायिक. कागदावर बाकीचा वाडा मोकळा, प्रत्यक्षात एक तुळई काढली तरी त्याचं छत खाली येणार.

नवीन_रुजू

मी दुसऱ्या महापालिकेत याच पदावर वर्षभरापूर्वी रुजू झाले, म्हणून चार्ज घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिते.

आमच्याकडे अशाच एका इमारतीसाठी जेसीबी ठरला होता, पोलिसांना बंदोबस्ताचं पत्र गेलं होतं, वीज तोडायला महावितरणला कळवलं होतं. माझ्या टेबलावर फाईल आली ती थेट 'तारीख मंजूर व्हावी' म्हणून. चार्ज यादीत कोर्टाचा उल्लेख नाही. आदल्या संध्याकाळी भाडेकरूचे वकील आदेशाची प्रत घेऊन आले तेव्हा कळलं. आमच्याकडची प्रत आवक झालेली होती, शिक्का होता, पण ती रजेवर गेलेल्या लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये. दुसऱ्या दिवशी जेसीबी चालला असता तर न्यायालयाच्या अवमानाला उत्तर माझ्या नावानं द्यावं लागलं असतं, जुन्या साहेबांच्या नावानं नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. धोकादायक इमारत, अतिक्रमण, अनधिकृत बांधकाम, यातली कुठलीही फाईल पुढे सरकवण्याआधी आत वकीलपत्र किंवा कोर्टाचं समन्स दिसतं का ते चाळते. दिसलं नाही तरी विधी विभागाकडून लेखी घेते की या मिळकतीवर दावा नाही. मिळकत क्रमांकानं विचारायचं, मालकाच्या नावानं नाही. दाव्यात बहुधा जुन्या मालकाचं किंवा भाडेकरूचंच नाव असतं, त्यामुळे नावानं शोधलं की 'निरंक' येतं.

आणि बदलीवाला सर, त्या दोन कुलूपबंद खोल्यांबद्दल सगळ्यात ठळक लिहा. मोजमाप आणि यादी न होता इमारत पडली तर त्या कुटुंबांजवळ आपली जागा किती होती हे दाखवायला कागद उरत नाही. लोक धोकादायक घर सोडत नाहीत ते मरणाची भीती नाही म्हणून नव्हे. बाहेर पडलो की हक्क गेला असं त्यांना वाटतं. मोजमापाची सही-शिक्क्याची प्रत हातात दिली की अर्धे लोक स्वतःहून हलतात, हा माझा अनुभव.

पूर्वभागातला

साहेब लोकहो, वाड्याचं राहू द्या की ओ. आमच्या गल्लीतलं चेंबर दिवाळीपासून वाहायलंय. चारदा तक्रार केली, चारदा 'निकाली' म्हणून मेसेज आला. माणूस येतो, बांबू घालतो, जातो. दोन दिवसांनी परत तेच. आता तर नळाला पाणी सुटलं की पहिल्यांदा वास मारतंय. त्याची वेगळी तक्रार केली तर ती पाणीपुरवठ्याला गेली म्हणे. चेंबरची ड्रेनेजला, वासाची पाणीवाल्याला, अन् आम्ही मधल्यामधी. नव्या साहेबाला सांगा की आमचं पण.

तुळई

पूर्वभागातला, तुमचं चेंबर आणि नळाचा वास या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत लाईन रिकामी असते. कुठं सांधा गळका असेल आणि त्याच्या बाजूला चेंबर तुंबलेलं असेल तर ते पाणी उलट लाईनमध्ये शिरतं. पाणी सुटलं की तेच आधी नळाला येतं, पाच-दहा मिनिटांनी वास कमी होतो, आणि तपासायला माणूस दुपारी येतो तेव्हा सगळं ठीक असतं. सुटतानाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायला लावा. पिवळा रंग आलाच नाही तर क्लोरीन तिथपर्यंत टिकत नाही, म्हणजे घाण मिसळतेय असा संशय घ्यायचा. तोपर्यंत ते पाणी पिऊ नका.

दप्तरकर

आणि साहेब, हे टिपणात कसं यावं ते बघा. तक्रारींची यादी टोकन नंबरनं काढली तर यांच्या पाच ओळी येतील, पाचातल्या चार 'निकाली'. नव्या साहेबांना वाटेल एकच शिल्लक. तीच यादी जागेनुसार लावा. एका कोपऱ्यावर सहा महिन्यांत तक्रार परत परत उघडत असेल तर ती साफसफाईची नाही, लाईन खचल्याची आहे. तिथं मुकादम नाही, अंदाजपत्रक लागतं.

त्यात चावीवाल्याचं नाव आणि कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडतो हे जरूर द्या. ते वेळापत्रक कागदावर एक असतं आणि त्याच्या डोक्यात दुसरं. नव्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात भेटायची माणसं म्हणजे चावीवाला, ड्रेनेजचा मिस्त्री आणि आरोग्य निरीक्षक. माननीय मंडळी स्वतःहून भेटायला येतात, त्यांची काळजी नको.

तुळई

वाड्याकडे परत येतो. बांधकामातला माणूस आहे, जुन्या घरांचं काम केलंय. बदलीवाला साहेब, कोर्टाची तारीख लिहाल, पण वाड्याची स्वतःची एक तारीख असते. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरला येतो, जूनला नाही. मे महिन्यात नोटिसा वाटून, जून-जुलै कोरडा गेला की सगळे निर्धास्त होतात. माळवदावर वर्षानुवर्षं माती चढवलेली असते, ती भिजली की वजन वाढतं. पांढऱ्या मातीची भिंत पाणी धरते. पुष्कळदा पाऊस चालू असताना काही होत नाही, उघडीप मिळून ऊन पडलं की भिंत सुटते.

टिपणात लिहायच्या खुणा सांगतो, कारण नवा अधिकारी वाडा पहिल्यांदा बघणार आणि त्याला तो आधीपासून असाच वाटणार. भिंतीला पोट आलंय का, कुठल्या बाजूला. तुळईचं टोक भिंतीत किती बसलंय, फट दिसते का. कालपर्यंत लागणारं दार अडकायला लागलं का. तडा असेल तर त्यावर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवा आणि तारीख लिहा. काच फुटली तर तडा चालतोय, शाबूत असेल तर जुना आहे. दोन रिपोर्टांच्या भांडणात ही काच दोन्ही इंजिनिअरांपेक्षा खरं बोलते.

कायदेप्रेमी

पण कोर्टाचा जैसे थे असताना भिंत पडायला आली तर? अधिकाऱ्यानं बघत बसायचं?

दप्तरकर

हा प्रश्न बरोबर विचारलात. टेकू लावणं, पत्रे मारून रस्त्याची बाजू बंद करणं, खालून रहदारी वळवणं, धोक्याचा फलक लावणं यानं सहसा जैसे थे मोडत नाही, पण आदेशाचे शब्द विधी विभागाला दाखवून. पाडायचंच असेल तर फोटो, काचपट्टीचा पंचनामा आणि इंजिनिअरचा ताजा अभिप्राय घेऊन त्याच कोर्टात तातडीचा अर्ज. दोन रिपोर्ट उलटसुलट असतील तर प्रकरण तांत्रिक समितीपुढे पाठवायचं, तिचा अभिप्राय कोर्टापुढे ठेवायचा. साहेब, ते पाठवलंय का?

बदलीवाला

प्रस्ताव गेलाय, बैठक लागलेली नाही. म्हणजे खरी सद्यःस्थिती ही. आज टिपणात वाड्याचा परिच्छेद असा केलाय, वाचून सांगा :

'दोन ऑडिट अहवाल परस्परविरोधी. समितीकडे प्रस्ताव पाठवला, बैठक नाही, पाठपुरावा करावा. जैसे थे आदेश मधल्या दोन खणांपुरता, परंतु भिंती सामायिक असल्याने कोणताही भाग पाडू नये. कॅव्हेटची मुदत संपली आहे. पाच भाडेकरूंचे मोजमाप पूर्ण, प्रती दिल्या. दोन खोल्या कुलूपबंद : एका कुटुंबाचा भिवंडीचा संपर्क नोटीस फाईलच्या आतील पानावर, दुसऱ्या खोलीच्या सर्व वारसांना एकाच दिवशी बोलवावे, एकेकट्याच्या समक्ष मोजमाप करू नये. पूर्वेच्या भिंतीला पोट. रस्त्याच्या बाजूने पत्रे मारले आहेत, सप्टेंबरपूर्वी टेकू तपासावेत. आपल्या नावाचा अधिकार प्रदान आदेश येईपर्यंत नवीन नोटीस काढू नये.'

आता दुसरा भाग, स्थानिक बाबी. इथं अडलोय. गड्ड्याच्या यात्रेचं सोपं आहे. नंदीध्वजांच्या मार्गावरच्या केबल डिसेंबरमध्येच वर घ्यायला लावायच्या आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री पुन्हा बघायच्या, कारण केबलवाले वर बांधतात आणि आठवड्यात त्या परत लोंबतात. फांद्या छाटायच्या तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत हवीत, कारण काठी पेलणाऱ्याची नजर वर असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथाच्या वाटेवर खोदाई उघडी नको. पूर्व भागात पाणीकपातीची दवंडी तेलुगूतही द्यायची, नुसता मराठी कागद चिकटवला तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचत नाही.

पण काही गोष्टी अशा आहेत की एका चौकात फलकावरून दोन मंडळांत वाकडं आहे, एका प्रार्थनास्थळासमोर घंटागाडी थांबली की गर्दी जमते. हे लिहायचं का?

नवीन_रुजू

लिहू नका. कागद झाला की तो माहितीच्या अधिकारात कुणीही मागू शकतो. उद्या कुणी व्हॉट्सअॅपवर टाकला, 'पालिका अधिकारी अमुक लोकांबद्दल काय लिहितात बघा', तर निस्तरायला नवा माणूस. हे समक्ष चौकात उभं राहून सांगा.

दप्तरकर

मॅडम, मला पटत नाही. समक्ष सांगितलेलं दोन महिन्यांत विसरतं आणि त्यांची बदली झाली की संपलंच. लिहायचं, पण माणसाचं आणि समाजाचं नाव न घेता. जागा, वेळ आणि करायची गोष्ट. 'अमुक चौक : शुक्रवारी दुपारी साडेबारा ते अडीच घंटागाडी पलीकडच्या बाजूला थांबवावी.' 'अमुक चौक : फलक काढायचे तर सगळे एकाच वेळी, पोलिसांना कळवून, एकट्याचा काढू नये.' यात लपवण्यासारखं काय आहे? कुणीही वाचू दे.

नवीन_रुजू

घंटागाडीचं तुम्ही म्हणता तसं लिहिता येईल. फलकाचं नाही. 'एकट्याचा काढू नये' म्हटलं की कुणाचा, हे चौकातल्या पोरालाही कळतं.

बदलीवाला

फलकाचं बघतो. बहुधा समक्षच सांगेन, नवे साहेब वेळेत रुजू झाले तर. बाकी टिपण आवक करून, चार्ज रिपोर्टला 'सोबत : टिपण' असं लिहून जोडतो. वाड्याची पानं तीन प्रतींत, एक विधी विभागाला.

पूर्वभागातला

सगळं झालं, आमचं चेंबर कुठल्या यादीत आलं ते सांगा की.

बदलीवाला

पाचही टोकन नंबर निरोपात पाठवा, आणि तुमच्याकडे पाणी किती वाजता सुटतं तेही. झोन माझा असेल तर उद्या त्या वेळेला माणूस पाठवतो. नसेल तर तुमच्या झोनच्या ड्रेनेज मिस्त्रीला गाठा, पण सोबत बाटलीत सुटतानाचं पहिलं पाणी भरून न्या.

पूर्वभागातला

पहाटे चारला सुटतंय साहेब. येईल का माणूस?